बाबिलोनच्या ग्रहणनोंदी: ग्रीकांकडे काय गेलं, आपल्याकडे काय आलं?

पडवीतला_चंद्र

७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण इथल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. त्या आठवड्यात 'बाबिलोनी लोकांना १८ वर्षांचं चक्र ठाऊक होतं' हे वाक्य सगळीकडे फिरत होतं. मला तीन गोष्टी कळत नाहीत. ते लोक नोंदीत नेमकं काय लिहायचे? १८ वर्षं हा आकडा हातात घेऊन पुढचं ग्रहण काढायचं कसं? आणि हे ज्ञान आधी ग्रीकांकडे आणि मग आपल्याकडे आलं म्हणतात, त्याला पुरावा काय? 'बरंच साम्य आढळतं' एवढ्यावर कृपया थांबू नका.

गणपत्या

सोपं आहे हो. १८ वर्षं ११ दिवसांनी तेच ग्रहण परत येतं. जुनी यादी काढायची, १८ वर्षं मिळवायची, झालं. त्याला ते 'सारोस' म्हणायचे. त्यात गणित काही नाही, नुसती चिकाटी.

मातीची_पाटी

गणपत्या, चिकाटीचं मान्य, बाकी अर्धं बरोबर. आधी नावाचं घेऊ. सारोस हे नाव या चक्राला एडमंड हॅलीनं १६९१ मध्ये दिलं, तेही एका ग्रीक कोशातली नोंद चुकीची लावून. मूळ शब्द 'शार' म्हणजे ३६००. बाबिलोनी लेखनिक या चक्राला फक्त '१८ वर्षं' म्हणत.

आता नोंदीचं. सर्वांत भरगच्च नोंद १५ एप्रिल इ.स.पू. १३६ च्या खग्रास सूर्यग्रहणाची आहे, दोन वेगळ्या मृत्तिकापट्टांवर. तिचा मजकूर थोडक्यात असा: सूर्योदयानंतर २४ उश झाले तेव्हा ग्रहण लागलं, नैर्ऋत्येकडून. १८ उशांत सूर्य पूर्ण झाकला. शुक्र, बुध आणि नेहमीचे तारे दिसले. गुरू आणि मंगळ अस्तात होते, तेही दिसले. लागण्यापासून सुटेपर्यंत एकूण ३५ उश.

उश म्हणजे आकाश एक अंश फिरायला लागणारा वेळ, चार मिनिटं. आपल्या भाषेत सहा उशांची एक घटिका. म्हणजे सूर्योदयानंतर ९६ मिनिटांनी स्पर्श, त्यानंतर ७२ मिनिटांनी खग्रास स्थिती, आणि सगळा खेळ १४० मिनिटांचा.

चंद्रग्रहणाच्या नोंदीत आणखी काही ठरलेल्या गोष्टी येतात. छाया बिंबाच्या कोणत्या बाजूनं शिरली, किती बोटं झाकलं (पूर्ण बिंब १२ बोटांचं), चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ होता, वारा कुठला होता. वारा आणि दिशा हा शकुनाचा भाग. बिंबाचे चार भाग चार देशांना वाटून दिलेले होते, त्यामुळे कोणती बाजू आधी काळी झाली यावर संकट अक्कदच्या राजावर की एलामच्या राजावर हे ठरायचं. खगोलशास्त्राला मात्र या भीतीचा फायदा झाला. चांगल्या-वाईट सगळ्या ग्रहणांची नोंद ठेवणं भाग पडलं.

वेळ मोजायची ती पाण्याच्या घड्याळानं, आणि चुका तिथेच शिरतात. मोजायचा काळ जितका लांब तितकी चूक मोठी. म्हणून पूर्वरात्रीचं ग्रहण 'सूर्यास्तानंतर इतके उश' असं लिहीत आणि उत्तररात्रीचं बहुधा 'सूर्योदयाआधी इतके उश' असं. जी संधी जवळ, तिथून मोजायचं.

पडवीतला_चंद्र

वा, हे हवं होतं. पण ढग असले तर? मग यादीत भोक पडणार.

मातीची_पाटी

त्यांची खरी कमाल तिथेच आहे. जी ग्रहणं दिसली नाहीत तीही ते लिहीत. 'पाहत होतो, दिसलं नाही' ही एक तऱ्हा, आणि ग्रहण क्षितिजाखाली होऊन जाणार असेल तर 'टळून गेलं' अशा अर्थाची दुसरी. म्हणजे दिसेल किंवा दिसणार नाही, पण ग्रहणाची शक्यता कुठल्या महिन्यात आहे हे आधीच ठरलेलं होतं. यादी दिसलेल्या ग्रहणांची नसून शक्यतांची आहे. इथे गणित आहे, गणपत्या.

चंद्राची वाट सूर्याच्या वाटेला छेदते ते दोन बिंदू म्हणजे राहू-केतू. त्यांपैकी एका बिंदूकडून दुसऱ्याकडे जायला सूर्याला सुमारे ५.८७ चांद्रमास लागतात. म्हणून ग्रहणाची शक्यता साधारण दर सहा महिन्यांनी येते, पण प्रत्येक वेळी ०.१३ महिना आपण पुढे सरकतो. सातेक वेळा सहा-सहा मोजलं की जवळजवळ एक अख्खा महिना जास्त झालेला असतो, तेव्हा एकदा पाचच महिने मोजायचे. २२३ महिन्यांच्या चक्रात असे ३८ मुक्काम बसतात: ३३ वेळा सहा महिने, ५ वेळा पाच महिने. करून बघा, १९८ अधिक २५ म्हणजे २२३. त्यांचे गट पाडले ते ८, ७, ८, ७, ८ असे.

मग उभे-आडवे रकाने. एका रकान्यात एका चक्रातले ३८ महिने, शेजारच्या रकान्यात पुढच्या चक्रातले. आडवी ओळ वाचली की दर १८ वर्षांनी येणारी एकाच कुळातली ग्रहणं समोर येतात. असे तक्ते सापडले आहेत.

गणपत्या

बरं, पण शेवटी १८ वर्षं ११ दिवस मिळवले की तेच ग्रहण दिसतं, हे तर खरं ना?

मातीची_पाटी

दिसेलच असं नाही. आपलंच उदाहरण घ्या. ७ सप्टेंबर २०२५ च्या ग्रहणाचा मध्य भारतीय वेळेनुसार रात्री ११:४२ ला होता. त्याचं मागचं भावंड २८ ऑगस्ट २००७ चं. त्याचा मध्य आपल्याकडे दुपारी ४:०७ ला, महाराष्ट्रात चंद्र उगवायच्या आतच ग्रहण सुटलं. कोणी पाहिलं नाही, कारण पाहण्यासारखं आपल्या आकाशात काही नव्हतं.

२२३ महिने म्हणजे ६५८५ दिवस आणि वर सुमारे ७ तास ४२ मिनिटं. ४:०७ मध्ये ती मिळवली की ११:४९. खरा मध्य ११:४२, सात मिनिटांचा फरक. एका भागाकारावर एवढं नेमकं उत्तर मिळतं. (मधे पाच लीप वर्षं आली म्हणून १८ वर्षं १० दिवस झाले. चार आली की ११.) पुढचं भावंड १९ सप्टेंबर २०४३ ला, मध्य सकाळी ७:२० च्या आसपास, म्हणजे इथे चंद्र मावळल्यावर.

तो वरचा तृतीयांश दिवसच सगळा घोळ करतो. पृथ्वी तेवढ्यात एक तृतीयांश फेरी जास्त फिरते आणि ग्रहण दुसऱ्याच देशावर जातं. म्हणून ग्रीकांनी त्याची तिप्पट धरली: ६६९ महिने, १९७५६ दिवस. गेमिनोस या ग्रीक लेखकानं हे आकडे दिले आहेत. अँटिकिथेराच्या समुद्रात सापडलेल्या यंत्रात तर २२३ घरांची चार वेढ्यांची तबकडी आहे आणि शेजारी छोट्या तबकडीवर ०, ८, १६ असे आकडे, म्हणजे कितव्या फेरीला किती तास मिळवायचे ते. बाबिलोनची आडवी ओळ काशात उतरवली म्हणा ना.

सूर्यग्रहणाला मात्र ही पद्धत लंगडी पडते. छाया पृथ्वीच्या अरुंद पट्ट्यावर पडते, त्यामुळे चक्र 'शक्य आहे' एवढंच सांगतं. 'नक्की नाही' हे ते जास्त खात्रीनं सांगू शकत.

रेवती७८

माहितीपूर्ण धागा. एक शंका, २०४३ चं ग्रहण आपल्याकडे मध्यापर्यंत दिसणारच नसेल तर वेध पाळायचे का? सासूबाईंचं म्हणणं, ग्रस्तास्त असेल तर नियम वेगळा असतो.

उत्तरायण

रेवतीताई, धाग्याचा विषय तो नाही. पण तुम्ही ग्रस्तास्त म्हणालात ते मोजमापाच्या दृष्टीनं कामाचं आहे. लागलेला चंद्र तसाच मावळला तर मोक्षाची वेळ मिळत नाही, मग ग्रहणाचा मध्य काढता येत नाही. जुन्या नोंदी वापरणाऱ्यांना हाच त्रास होतो. वेधांचं पंचांगवाल्यांना विचारा, २०४३ ला अजून वेळ आहे.

शिवथर

माझी अडचण वेगळी. अलेक्झांड्रियाचा ग्रीक खगोलज्ञ टॉलेमी, त्यानं वापरलेलं सर्वांत जुनं ग्रहण १९ मार्च इ.स.पू. ७२१ चं. मी स्प्रेडशीटमध्ये वर्ष -721 टाकलं, त्या रात्री ग्रहण येतच नाही. मग टॉलेमी खोटा की माझं सूत्र?

मातीची_पाटी

दोघंही नाही, वर्ष चुकलं. इतिहासकारांच्या गणनेत इ.स.पू. १ नंतर लगेच इ.स. १ येतं, शून्य वर्ष नाही. खगोलगणनेत शून्य असतं. म्हणून इ.स.पू. ७२१ साठी -720 टाकायचं. दिनांक ज्युलियन आहे हेही तपासा.

एवढं करूनही वेळ काही तासांनी चुकली तर घाबरू नका. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावत आलं आहे, आणि तेवढ्या मागे गेलं की तो फरक साडेपाच तासांच्या आसपास भरतो. ती दुरुस्ती ठरवायला मुळात बाबिलोनी नोंदीच वापरल्या. वरचं इ.स.पू. १३६ चं सूर्यग्रहण घ्या. पृथ्वी कायम आजच्याच वेगानं फिरत आली असती तर त्याची छाया बाबिलोनच्या सुमारे ४९ अंश पश्चिमेला, स्पेनजवळच्या बेटांवरून गेली असती. बाबिलोनमध्ये दिवसा तारे दिसले, हे एक वाक्य पुरेसं आहे. तिथे पाण्याच्या घड्याळाचीही गरज नाही.

शिवथर

-720 नं जमलं. आभार. पण टॉलेमीला इतकं जुनं ग्रहण कशाला हवं होतं? त्याच्या काळात ग्रहणं होत नव्हती का?

मातीची_पाटी

होत होती, आणि त्यानं स्वतःची तीनही वापरली, इ.स. १३३, १३४ आणि १३६ ची. जुनी तीन इ.स.पू. ७२१ आणि ७२० ची. दोन त्रिकुटांमध्ये साडेआठ शतकं आहेत. चंद्राचा सरासरी वेग काढताना अर्ध्या तासाची चूक साडेआठ शतकांत वाटली गेली की उरतेच किती?

ग्रहणच का, तर चंद्र आकाशात नेमका कुठे होता हे दुसऱ्या कशानं इतकं स्वच्छ कळत नाही. चंद्र जवळचा, पाहणारा बदलला की त्याची जागा बदलते. पण चंद्रग्रहणाच्या मध्याला तो सूर्याच्या बरोबर समोर असतो, मग पाहणारा कुठेही असो. सूर्य कुठे होता हे काढता येतं, त्यात १८० अंश मिळवले की चंद्र मिळाला.

या हस्तांतरात काय सांडतं तेही बघा. इ.स.पू. ७२१ च्या ग्रहणाबद्दल टॉलेमीकडे पोचलं ते इतकंच: चंद्र उगवल्यावर एक तास उलटून बराच वेळ झाल्यावर लागलं आणि पूर्ण झालं. त्यावरून त्यानं स्पर्श मध्यरात्रीच्या साडेचार तास आधी धरला, मध्य अडीच तास आधी. मग बाबिलोन अलेक्झांड्रियाच्या ५० मिनिटं पूर्वेला मानून अलेक्झांड्रियाची वेळ केली ३ तास २० मिनिटं आधी. खरा फरक ५८ मिनिटांचा आहे. तारखा बाबिलोनी चांद्रमासातून ३६५ दिवसांच्या इजिप्शियन वर्षात आणलेल्या. ते वर्ष खगोलगणिताला फार सोयीचं, अधिकमासाची भानगडच नाही. राजांची यादी आणि इजिप्शियन दिनांक एवढ्यावर दोन ग्रहणांमधले दिवस मोजता येतात.

नोंदींसोबत आकडेही गेले. टॉलेमी म्हणतो की त्याच्या आधीच्या हिप्पार्कस या ग्रीक खगोलज्ञानं ४२६७ महिन्यांत चंद्र ४५७३ वेळा मंद-शीघ्र होतो हे शोधलं. दोन्ही आकड्यांना १७ नं भागा: २५१ आणि २६९. हे गुणोत्तर बाबिलोनी कोष्टकांत तसंच्या तसं आहे. आणि चांद्रमासाची लांबी २९ दिवस ३१;५०,८,२० ही साठ-साठच्या अपूर्णांकात चार स्थानांपर्यंत जुळते. १९०० मध्ये फ्रान्झ कुग्लर या जेझुइट पाद्रीनं हे दाखवलं तोवर श्रेय सगळं हिप्पार्कसला जात होतं.

गणपत्या

ग्रीकांचं पटलं. पण आपल्याकडे वेदांग ज्योतिष त्याच्या आधीचं आहे. सिंधू खोऱ्यात नगरं होती, तिथेही नोंदी असणारच. उगाच सगळं बाहेरून आणू नका.

उत्तरायण

सिंधू लिपी वाचता येत नाही, त्यामुळे तिथे ग्रहणं नोंदली की नाही यावर बोलणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं. वेदांग ज्योतिषात ग्रहणाचं गणित नाही. त्यात आहे पाच वर्षांचं युग, ६२ चांद्रमास, १८३० दिवस. भागाकार २९.५२ च्या जरा आतच राहतो, हे बाबिलोनी आकड्यापेक्षा बरंच भरड आहे.

वाद आहे तो दिवसमानाचा. उत्तरायणात रोज एक प्रस्थ पाणी वाढवा, अयनाच्या शेवटी सहा मुहूर्त वाढलेले असतील, असं श्लोक सांगतो. म्हणजे सर्वांत मोठा दिवस १८ मुहूर्त, सर्वांत लहान १२. तीनास दोन. बाबिलोनी कोष्टकांतही तीनास दोन, आणि दोन्हीकडे वाढ सरळ रेषेत, जी प्रत्यक्षात तशी नसते. एक पक्ष म्हणतो हे तिथून आलं. दुसरा म्हणतो हे गुणोत्तर ३५ अंश अक्षांशाला लागू पडतं, म्हणजे गांधार-काश्मीरकडे कोणीही मोजून मिळवेल. शिवाय बाबिलोनच्या जुन्या ग्रंथात गुणोत्तर दोनास एक आहे. मला दुसरा पक्ष जास्त पटतो, पण पैज लावणार नाही.

मातीची_पाटी

मी पहिल्या पक्षाकडे झुकतो. गुणोत्तर मोजून मिळेल, पण पाण्याचं माप, सरळ रेषेची वाढ आणि वर महिन्याच्या तिसाव्या भागाला एकक मानणं, हे तिन्ही एकत्र? आपली तिथी तीच. बाबिलोनी कोष्टकांत ते एकक आहे, त्याला त्यांनी वेगळं नावही दिलं नाही, नुसतं 'दिवस' म्हणत. आजचे अभ्यासक त्यासाठी आपलाच 'तिथी' शब्द वापरतात.

उत्तरायण

एकत्र येणं हा पुरावा होत नाही, संशय होतो. पुरावा हवा तर कोणीही सहज दोनदा शोधणार नाही असा आकडा दाखवायला हवा. तो आहे, पण वेदांगात नाही, वराहमिहिरानं पाच जुन्या सिद्धांतांचं सार दिलं त्या पंचसिद्धांतिकेत आहे.

तिथे वसिष्ठ सिद्धांताच्या चंद्रगणितात दोन आकडे येतात: २४८ आणि ३०३१. चंद्राचा मंद-शीघ्र फेरा २७ दिवस आणि अर्ध्याहून थोडा जास्त असतो. असे ९ फेरे म्हणजे जवळपास २४८ दिवस, चूक सुमारे १३ मिनिटांची. ती साठत जाते, म्हणून मोठी उडी ३०३१ दिवसांची, त्यात ११० फेरे, आणि आजच्या किमतीनं तपासलं तर चूक एका मिनिटाच्याही आत. कृती अशी की दिवसांच्या राशीतून ३०३१ जितक्या वेळा जातात तितक्या काढायच्या, उरलेल्यातून २४८ काढायचे, आणि शेष दिवसांसाठी कोष्टक पाहायचं.

२४८ बाबिलोनी पट्टांत आहे. २४८ आणि ३०३१ ही जोडी इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसवर आहे, कृतीही तीच. ही जोडी पुन्हा वसिष्ठात. इथे 'आपोआप सुचलं' म्हणणं अवघड आहे.

गंमत म्हणजे हे दक्षिणेत जिवंत राहिलं. वररुचीच्या नावावरची २४८ चंद्रवाक्यं याच चक्राची. पहिलं 'गीर्नः श्रेयः'. व्यंजनांना अंक देणाऱ्या कटपयादी पद्धतीनं ग ३, न ०, र २, य १, उलट वाचलं की १२०३, म्हणजे १२ अंश ३ कला. चंद्र सर्वांत मंद असताना पहिल्या दिवशी एवढा जातो. दुसरं 'धेनवः श्रीः', ९, ०, ४, २, म्हणजे २४ अंश ९ कला. २४८ वं 'भवेत्सुखम्', २७ अंश ४४ कला, नऊ पूर्ण फेऱ्यांच्या वर. कोष्टक लिहायची गरज नाही, पाठ करायचं.

जॉन वॉरननं १८२५ मध्ये एका तमिळ गणकाला जमिनीवर कवड्या मांडून त्या वर्षीच्या ३१ मे-१ जूनच्या चंद्रग्रहणाचं गणित करताना पाहिलं. स्पर्शाची चूक ४ मिनिटं, मध्याची २३, मोक्षाची ५२. पाठ केलेल्या वाक्यांवर आणि कवड्यांवर.

पडवीतला_चंद्र

म्हणजे १८ वर्षांचं चक्रही आपल्याकडे आलं?

उत्तरायण

नाही, आणि इथेच लोक घसरतात. संस्कृत सिद्धांतांमध्ये ग्रहण २२३ महिन्यांच्या यादीनं काढत नाहीत. राहूची जागा, चंद्राचा शर म्हणजे सूर्याच्या वाटेपासूनचं त्याचं अंतर, छायेची त्रिज्या असं थेट काढतात. आलं ते चंद्राच्या गतीचं गणित. रोमक सिद्धांतात १९ वर्षांना ७ अधिकमास दिसतात (२८५० वर्षांना १०५०), तेही त्याच घरातलं, पण ग्रहणाची यादी नाही.

आणखी एक धागा पंचसिद्धांतिकेतच आहे. यवनपुर म्हणजे अलेक्झांड्रियापासून उज्जैन सात घटिका आणि एक तृतीयांश पूर्वेला. घटिकेला सहा अंश, म्हणजे ४४. खरं अंतर सुमारे ४६. दोन गावांमधलं असं अंतर मोजायचा त्या काळी एकच भरवशाचा मार्ग, एकाच चंद्रग्रहणाची दोन्हीकडची स्थानिक वेळ.

गणपत्या

मग शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मराठीत एवढा मोठा ज्योतिषशास्त्राचा इतिहास लिहिला त्यात हे का नाही?

उत्तरायण

त्यांचा ग्रंथ १८९६ चा. कुग्लरचं काम १९०० चं, बाबिलोनी पट्टांचं वाचन तेव्हा नुकतं सुरू झालेलं. दीक्षितांसमोर ग्रीक आणि संस्कृत एवढीच दोन टोकं होती, आणि त्या मर्यादेत त्यांनी ग्रीकांकडून सगळं आलं या मताला केलेला विरोध अगदीच बिनबुडाचा नव्हता. तिसरं टोक त्यांना पाहायला मिळालं नाही.

शिवथर

कार्ल्याच्या लेण्यात यवन दात्यांचे लेख आहेत. मग हे आकडे कोकणातल्या बंदरांतून घाट चढून आले असतील का?

मातीची_पाटी

त्या लेखांवरून यवन इथे होते, खांबांना पैसे देत होते, एवढं कळतं. खांब देणाऱ्या व्यापाऱ्याला ३०३१ ठाऊक होता असं त्यातून निघत नाही. पश्चिम क्षत्रपांच्या राज्यात, भडोच-उज्जैनकडे शोधणं जास्त सयुक्तिक. पण ग्रीक ज्योतिष सांगणाऱ्या यवनजातक या संस्कृत ग्रंथाचा काळ इ.स. २६९-७० धरत आले होते, त्यावरच आता प्रश्नचिन्ह आहे, त्यामुळे वाटेचा तो टप्पाही हलला.

रेवती७८

बाकी सगळं डोक्यावरून गेलं, पण 'गीर्नः श्रेयः' दोनदा करून पाहिलं. १२०३ आलं. 'श्रे' मधला श का सोडायचा?

उत्तरायण

जोडाक्षरात शेवटचं व्यंजन धरायचं, म्हणून र. 'र्न' मध्येही तसंच, न धरला. आता 'भवेत्सुखम्' करून बघा, त्यात 'त्सु' आहे.

रेवती७८

४, ४, ७, २. उलट २७४४. आलं!